तीळ उजव्या गालावर

उदगीरच्या स्टुडिओत अंगद गेलेल्या माणसांचे फोटो जोडून देई. सुभद्राबाईंना नवऱ्यासोबतचा फोटो हवा होता. जिवंतपणी जोडीनं काढायचं राहूनच गेलं होतं. अंगदनं जोडप्याच्या फोटोत बसवतात तसं बाईंना नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसवलं. पण रामकिशनरावांचा एकच धड चेहरा मिळाला, पुतण्याच्या लग्नातला, आणि तोही मेला स्वतःच्या उजवीकडं बघणारा. अंगदनं तो आरशातल्यासारखा उलटवला. नजर नेमकी बायकोवर आली. गडी स्वतःवरच खूश झाला.

सुभद्राबाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "ह्यो कोण हाय रं? ह्यांचा तीळ डाव्या गालावर व्हता. भांगबी भलत्या बाजूला पाडलास."

अंगद ओशाळला. "मावशी, चेहरा सुलटा केला तर ते तिकडं बघत्यात. तुम्हालाच त्या बाजूला बसवू का?"

"बायको डाव्या अंगालाच बसती, येड्या."

"मग तीळ न् भांग तेवढा हलवतो."

म्हातारी हसली. "नगं. सुलटाच कर. चाळीस वर्षं ते तिकडंच बघत व्हते. आता माझ्याकडं बघाया लागले, तर मी वळखू कसं?"