रिकाम्या खोलीचं कुलूप

महिनाभर आधी नोटीस देऊन शिंपीकाकांनी आज भाड्याची साठवणखोली रिकामी केली. जुनं मशीन भाच्याकडे गेलं, चिंध्या कचऱ्यात गेल्या, फरशी झाडून लख्ख झाली. आजची मुदत हुकली, तर पुढच्या महिन्याचं भाडं खात्यातून आपोआप कापलं जाणार होतं. काकूंना सोबत घेऊन काका मोठ्या थाटात साठवणखोल्यांच्या ऑफिसातल्या काउंटरवर आले.

"झाली खोली मोकळी! आता आमचे पैसे कापणं थांबवा."

काउंटरवरच्या बाईंनी कॅमेऱ्यात पाहिलं. "काका, दाराला तुमचं कुलूप लटकतंय. ते निघेपर्यंत खोली तुमचीच."

काकूंना हसू आवरेना. "अहो, आत काय कोंडून आलात? वारा?"

"सवयीनं लागलं गं," म्हणत काका ओशाळून उलट्या पावली गेले आणि कुलूप काढून आणलं. बाईंनी खोली पाहून भाडेकरार संपवला. "कपात बंद केली. आपोआप पैसे कापायला बँकेला दिलेली परवानगी, ते मॅन्डेटही रद्द करून टाका, म्हणजे घोर नको."

काकांनी तिथंच मोबाइलवर तेही उरकलं.

"आता हे कुलूप कुठं लावायचं?" काकूंनी विचारलं.

"तुझ्या तोंडाला लावलं असतं," काका म्हणाले, "पण त्याचं भाडं मला जन्मभर परवडायचं नाही!"