अनामत म्हटलं की जप्तच

आमच्या वाचनालयाच्या चिटणीसांनी सभासद मोहिमेची पोस्ट लिहिली होती : ‘ज्ञानपिपासू वाचकांनी विहित नमुन्यातील अर्ज व अनामत रक्कम भरून उपकृत करावे.’ तिला अकरा लाइक आले. कार्यकारिणीत अकराच जण आहेत. महिनाअखेर पंचवीस नवे सभासद झाले नाहीत तर संध्याकाळची वेळ बंद होणार होती, आणि संध्याकाळी टेबलावर मी असते. म्हणजे माझी नोकरी त्या ‘उपकृत’च्या भरवशावर.

पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनला मी ती पोस्ट वाचून दाखवली.

“अनामत? म्हणजे बुडालेच की पैसे,” तो शिडीवरून म्हणाला. “अनामत म्हटलं की मला पुढे ‘जप्त’च ऐकू येतं.”

“अहो, सभासदत्व सोडलं की परत मिळतात.”

“मग तसं लिहा ना, मॅडम!”

मी तसंच लिहिलं : ‘दोन पुस्तकं आणि एक मासिक पंधरा दिवस घरी न्या. इथे बसून वाचायचं तर रात्री आठपर्यंत या. वर्गणी महिन्याला पन्नास. सुरुवातीला ठेव तीनशे. सभासदत्व सोडताना पुस्तकं द्या, ठेव परत घ्या. ओळखपत्र आणि एक फोटो आणा, एक पानी अर्ज भरा, पैसे भरा. पुस्तक त्याच दिवशी.’

शेवटच्या वाक्यात गोम होती. आमच्याकडे अर्ज महिन्याच्या बैठकीपर्यंत फाइलीत पडून राहतो. मी चिटणीसांना म्हटलं, “तुम्ही लगेच सही केलीत तरच हे खरं ठरेल. बैठकीची मंजुरी मागाहून घेऊ.”

“बघू,” ते म्हणाले, आणि खाली आपलं नाव आहे ना एवढं पाहून पोस्ट टाकून मोकळे झाले. ‘बघू’ म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी सोयीस्करपणे ‘हो’ ऐकलं.

सोमवारी संध्याकाळी टेबलापुढे रांग लागली. चिटणीसांनी पहिलाच अर्ज, मान वर न करता, फाइलीत घातला. “पुस्तक बैठकीनंतर.”

रांगेतला एक जण चालता झाला.

“त्याच दिवशी असं लिहिलंय. तुमच्या नावानिशी,” अर्जवाल्या बाई म्हणाल्या.

“अगं, तू?” ती चिटणीसांचीच बायको होती. “तुला कशाला सभासदत्व? मी आणतोच की पुस्तकं.”

“तीस वर्षं तुम्ही आणाल ते वाचतेय. सगळी थोरामोठ्यांची चरित्रं!” त्यांनी ठेव टेबलावर ठेवली. “आज मी निवडणार. करा सही.”

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. चिटणीसांनी अर्ज फाइलीतून काढून सही केली. मग मुकाट्याने मागच्याच्या अर्जावरही केली. आठपर्यंत सत्तावीस सह्या झाल्या.

मी दिवे बंद करायला गेले तर बाई अजून कपाटापुढेच उभ्या.

“थांब गं जरा,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदाच निवडतेय.”

मी खुर्ची ओढून निवांत बसले.