आप्पांच्या आजीचं येसर

मसाल्याचं पाकीट कापताना ज्योत्स्ना श्वास रोखून धरायची. तरी वास यायचाच. खवट खोबऱ्याचा वास, जिभेच्या मुळाशी चिकटून बसणारा. ते येसर, म्हणजे धान्य-मसाले भाजून कुटलेलं पीठ, ती उकळत्या पाण्यात टाकायची, वर फोडणी घालायची, आणि आमटीची वाटी भाकरीशेजारी ठेवून गिऱ्हाइकापुढे सरकवायची. गिऱ्हाईक पहिला घास घ्यायचं, थांबायचं, पाणी प्यायचं. तेवढं बघून ती भटारखान्यात निघून जायची. लोकांच्या ताटात आपण काय वाढतोय, या विचाराने तिला स्वतःच्या हातांची किळस यायला लागली होती.

नांदेडला आयटीआयच्या चौकाजवळ तिचं दुकान. दुकान तिचं, पाटी दुसऱ्याची. ‘महादेवप्पा येसरवाले, लातूर’ अशी ठसठशीत अक्षरं आणि बाजूला फेटा बांधलेल्या आप्पांचा हसरा फोटो. लग्नातल्या पंगतीत मिळते तशी येसराची आमटी आणि गरम भाकरी, एवढ्या भांडवलावर आप्पांनी लातूरला औसा रोडवर नाव काढलं आणि पुढे ते नाव गावोगाव चालवायला दिलं. उदगीर, परभणी, लोहा, हदगाव, नांदेड.

आता कोणी विचारेल, आमटी-भाकरीला दुसऱ्याचं नाव कशाला पाहिजे? ज्योत्स्नाची आई नागुबाई येसर असं भाजायची की गल्ली घमघमायची. पण हदगावला असताना तिने पुड्या बांधून विकायला काढल्या, तेव्हा बाया वास घ्यायच्या, वाहवा करायच्या आणि “पुढच्या बाजारी घेऊ” म्हणून निघून जायच्या. तो पुढचा बाजार कधी आला नाही. का आला नाही ते नागुबाईला कोणी सांगायची गरज नव्हती. बौद्धवाड्यातली पुडी कोण विकत घेणार? तोंडावर कोणी बोललं नाही, एवढीच काय ती माणुसकी.

ज्योत्स्नाने हे लहानपणी पाहिलं होतं. म्हणून पतसंस्थेतली नोकरी सोडून धंद्यात उतरली तेव्हा तिने हिशेब मांडला तो असा, की चव आपल्याकडे आहे, नाव नाही. नाव विकत घ्यायचं. पाटीवर आप्पांचा फोटो असला की भटारखान्यात कोणाचा हात आहे हे कोणी विचारत नाही. आणि तिचं गणित चुकलं नव्हतं. पहिल्याच दिवशी रांग लागली.

नावाची किंमत मात्र दणदणीत होती. सुरुवातीला पाच लाख फी, परत न मिळणारी, वर जीएसटी, आणि अनामत वेगळी. दुकान आप्पांच्या माणसाने सांगितलं तसंच सजवायचं, खर्च तिचा. भाडं, पगार, गॅस तिचा. अन्नाचा परवाना तिच्या नावावर, म्हणजे कोणाला उलटी झाली तर अधिकारी तिच्या दारात येणार. त्याउपर दरमहा विक्रीवर सहा टक्के रॉयल्टी आणि दोन टक्के जाहिरातीचे. विक्रीवर, नफ्यावर नाही. ज्या महिन्यात ती घरातून पैसे घालायची, त्या महिन्यातही लातूरला त्यांचा वाटा वेळेवर पोचायचा. बदल्यात पाच वर्षं नाव, पंधरा दिवसांचं शिक्षण आणि तीन किलोमीटरच्या आत दुसरं दुकान न देण्याची हमी. येसर फक्त लातूरचंच वापरायचं, आणि दर महिन्याला ठरलेला कोटा उचलायचा, खपो न खपो.

दोन वर्षं बरी गेली. मग आप्पांनी येसर स्वतः भाजून घेणं सोडलं आणि काम बाहेरच्या एका कारखान्याला दिलं. तिथून हा वास सुरू झाला. तिने फोन केले, फोटो पाठवले. आप्पांचा मॅनेजर विरूपाक्ष दर वेळी एकच सांगायचा, “ताई, बाकी कोणाची तक्रार न्हाई. पाकिटावरची तारीख बगा की.” तारीख बरोबर होती. वासाला तारीख वाचता येत नाही, एवढंच.

रांग आटली. जेवणाच्या वेळेला खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. दुकानात वडिलांच्या निवृत्तीचा पैसा अडकलेला, आणि वडील आता नव्हते. एके दिवशी नागुबाई दुकानात आली, तिने आमटीचं बोट चाटलं आणि मोरीत जाऊन थुंकली.

“हे लोकायला खाऊ घालून राहिलीस तू?”

“करारात तसंच हाय माय.”

“करार गेला खड्ड्यात. उद्या धने अन् खोबरं आण.”

दुसऱ्या दिवसापासून नागुबाईचं येसर उकळू लागलं. लातूरची पाकिटं माळ्यावर गेली. आठवडाभरात गर्दी परतली आणि महिन्याभरात दीडपट झाली. ज्योत्स्ना रॉयल्टी दीडपट भरू लागली आणि तिला वाटलं, पैसा वाढतोय म्हटल्यावर तक्रार कोण करणार? पतसंस्थेत इतकी वर्षं काढलेल्या बाईने इथे मात्र चांगलीच माती खाल्ली. तिच्या बिलाचं यंत्र लातूरला जोडलेलं होतं. एका वाटीला किती येसर लागतं ते त्यांना पाठ होतं. वाट्या वाढल्या आणि पाकिटं तेवढीच, हे कळायला नांदेडला यायची गरज नव्हती.

तरी आप्पा स्वतः आले, विरूपाक्षला घेऊन. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, फोटोतलंच हसू. तिने पाया पडून पाणी दिलं.

“ज्योत्स्नाताई,” आप्पा बसता बसता म्हणाले, “आमटी काय हवेतून करायलाव का?”

तिने लपवलं नाही. माळ्यावरचं पाकीट काढून त्यांच्यापुढे कापलं. “तुमीच सांगा आप्पा. हे तुमी घरी खाता?”

आप्पांनी चिमूट तोंडात टाकली. चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते उठले, बेसिनपाशी गेले आणि तीनदा चूळ भरली.

“विरूपाक्ष, हे आपलं हाय?”

विरूपाक्षने पाकीट उचलून तारीख वाचायला घेतली.

“वर्स झालं, मी स्वतः चाखलं न्हाई,” आप्पा म्हणाले. त्यांना खरंच शरम वाटली होती, आणि ज्योत्स्नाला क्षणभर त्यांच्याविषयी मायाही वाटली. पण खुर्चीवर पुन्हा टेकल्यावर आप्पांचा आवाज बदलला.

“माझी चूक हाय, कबूल. पण तुमची बी हाय. बगा, उदगीरच्या गड्यानं स्वस्ताचं तेल वापरलं. लोकं आजारी पडली, अन् लातूरला माझं गिऱ्हाईक चार महिने तुटलं. परभणीवाल्यानं तीन वर्सं सगळं शिकून घेतलं अन् शेजारीच सोताची पाटी लावली. दुकान तुमचं, पैसा तुमचा, मान्य. पण नाव एकच हाय, अन् ते समद्यांच्या हातात दिलंय मी. मी चव विकत न्हाई ताई, खात्री विकतो. नांदेडला खाल्लं तेच हदगावला मिळणार. तुमची आमटी चांगली निघाली म्हणून सोडलं, तर उद्या वाईटवाल्याला कोणत्या तोंडानं धरू?”

खोटं नव्हतं ते. हेच तिला जास्त झोंबलं.

“म्हणजे खवट असलं तरी सारखंच पायजे?”

“न्हाई. करार मोडायचा हक्क मला हाय. फी तर गेलीच, अनामत जाईल, पाटी उतरंल.” आप्पांनी श्वास घेतला. “पण आदी मला ती आमटी चाखू द्या.”

नागुबाईने स्वतः वाढली. आप्पांनी भाकरी कुस्करली आणि भुरका मारला. दुसरी वाटी मागितली. तिसऱ्या वाटीला ते खुर्ची सोडून थेट भटारखान्यात गेले आणि चुलीशेजारच्या पाटावर बसले. कपाळाला विभूती लावलेला लातूरचा एवढा मोठा माणूस आपल्या हातचं मागून मागून खातोय, हे बघून नागुबाईचा चेहरा फुलला. हदगावच्या बाजारापासून तिने ज्याची वाट बघितली होती, ते आज चुलीपाशी येऊन बसलं होतं.

“मावशी, असं येसर मी जन्मात खाल्लं न्हाई. ज्वारी किती, गहू किती? खोबरं आदी भाजता का मागून?”

ज्योत्स्नाने डोळे वटारले, खोकली, पातेलं आपटलं. पण नागुबाई कोणाचं ऐकायच्या पलीकडे गेली होती. धने किती, दगडफूल किती, खोबरं निराळं का भाजायचं आणि गार झाल्याशिवाय का कुटायचं नाही, सगळं तिने हातवारे करून सांगितलं. विरूपाक्षचा फोन ओट्यावर उताणा पडलेला होता आणि सगळं टिपून घेत होता.

जाताना आप्पा म्हणाले, “करार मोडत न्हाई. निवांत राहा.” त्यांनी नागुबाईला वाकून नमस्कारसुद्धा केला. ती रात्रभर त्याच नमस्काराचं बोलत राहिली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. करारातलं बाविसावं कलम त्यात जसंच्या तसं दिलेलं. दुकान चालवणाऱ्याने केलेली कोणतीही सुधारणा, कृती किंवा पद्धत ही कंपनीच्या मालकीची राहील. खाली एक ओळ, की यापुढे लातूरचं येसर नागुबाईच्या कृतीनेच बनेल आणि सगळ्या दुकानांनी तेच उचलायचं. ज्योत्स्नाने सही करताना ते वाचलं होतं. तेव्हा हसली होती, आमटीत मी काय शोध लावणार म्हणून.

वकील उज्ज्वलाताईंनी करार दोनदा वाचला. “फ्रँचायझीसाठी आपल्याकडे निराळा कायदा न्हाई ज्योत्स्ना. जे सही केलं तेच कायदा. करार संपल्यावर दोन वर्सं हा धंदा करू नका, हे कलम कोर्टात बहुतेक टिकणार न्हाई. पण करार चालू असताना टिकतं, अन् अजून दोन वर्सं बाकी हायत. कृतीसाठी भांडायचं तर भांडू. मात्र दावा लातूरच्या कोर्टात, असं लिवलंय. किती वर्सं चालंल सांगता यायचं न्हाई. तोवर दुकान काय करशील?”

दुकान काय करणार? बंद केलं तर वडिलांचा पैसा बुडाला. चालू ठेवलं तर आईची चव विकत घेऊन शिजवायची, ती जेवढी विकेल त्यावर सहा टक्के लातूरला पाठवायचे, आणि वर जाहिरातीचे दोन टक्के. ज्योत्स्नाने चालू ठेवलं. स्वतःचा इतका वीट तिला कधी आला नव्हता.

नव्या येसराची पहिली खोकी आली तेव्हा नागुबाई दुकानातच होती. तिने पाकीट उघडून नाकाशी धरलं.

“जमलं की गं,” ती खूश होऊन म्हणाली. “खोबरं बरोबर भाजलंय. खवट न्हाई.”

मग तिने पाकीट फिरवून बघितलं. पुढच्या बाजूला एका म्हातारीचं चित्र होतं. डोक्यावर पदर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात उलथनं. खाली सोनेरी अक्षरं. नागुबाईला बारीक अक्षरं दिसत नव्हती.

“काय लिवलंय?”

ज्योत्स्नाला वाचावं लागलं. “आप्पांच्या आजीच्या हातची पिढीजात चव.”

नागुबाईने चित्रातल्या म्हातारीवरून बोट फिरवलं. तिने पाकिटाच्या तोंडाची घडी घातली आणि ते ओट्यावर नीट ठेवलं.

“ज्योत्स्ना,” ती म्हणाली, “या बाईनं माझ्या हातचं पाणी तरी पेलं असतं का गं?”

बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती. ज्योत्स्नाने पाकीट उचललं आणि उकळत्या पाण्यात रिकामं केलं.