फुलणं प्रीपोन झालं

सोमवारी सकाळी सात वाजता काचघरातल्या शिडीवर उभं राहून तिने टेपचं टोक दांड्याच्या शेंड्याला लावलं, आकडा वाचला, आणि खाली न उतरता तोच आकडा पुन्हा वाचला. दोनशे तीन. काल दोनशे होता. म्हणजे एका दिवसात फक्त तीन सेंटिमीटर. परवापर्यंत हाच दांडा रोज अकरा-बारा सेंटिमीटर चढत होता, काल सातवर आला होता, आणि आज तीन.

महासुरणाची वाढ अशी एकाएकी मंदावते तेव्हा त्याचा एकच अर्थ असतो. तिने खाली पाहिलं. कळीला बाहेरून बिलगून बसलेलं शेवटचं खवल्यासारखं पान सुकून कुंडीत पडलं होतं. शिडीच्या शेवटच्या दोन पायऱ्या तिने उडीतच गाळल्या.

या बागेत ती गेली नऊ वर्षं या एका कंदामागे होती. रोज सकाळी काहीतरी मोजल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही म्हणून सगळे तिला फूटपट्टी म्हणत. महासुरण पहिल्यांदाच फुलणार होता. त्याचं फूल टिकतं जेमतेम दीड-दोन दिवस. पहिल्या संध्याकाळी दांड्याच्या बुडाशी असलेली मादीफुलं पराग घ्यायला तयार असतात. नरफुलांचे पराग सुटतात ते दुसऱ्या दिवशी, तेव्हा मादीफुलांची वेळ टळलेली असते. त्यामुळे झाडाला स्वतःचे पराग चालत नाहीत, बाहेरून आणावे लागतात. ते येणार होते समुद्रापलीकडच्या एका बागेतून, थंड पेटीत, त्या बागेतल्या माणसाच्या हातून. त्याचं विमान बुधवारचं होतं आणि तो शुक्रवारी सकाळी पोचणार होता, कारण फूल शुक्रवारी संध्याकाळी उमलेल असा सगळ्यांचा अंदाज होता.

आता ते बुधवारी उमलणार होतं.

ती धावतच ऑफिसात गेली. तिथे चिटपाखरू नव्हतं. फुलण्याची खबर ठेवणाऱ्या बावीस बागांची यादी संगणकात तयार होती. तिने मेल उघडली, विषयाच्या जागी इंग्रजीत लिहिलं, ‘फ्लॉवरिंग प्रीपोन्ड’, आणि खाली तीन ओळी: फुलणं दोन दिवसांनी प्रीपोन झालं आहे, प्रवासाचा बेत त्याप्रमाणे बदलावा, तारखा तक्त्यात पाहाव्यात. सात वाजून वीस मिनिटांनी तिने मेल पाठवली आणि खुर्चीत मागे रेलून धाप टाकली.

तारखा सगळ्या बागांना दिसणाऱ्या तक्त्यातच ठेवायच्या, मेलमध्ये कधीच लिहायच्या नाहीत, हा त्या ऑफिसचा नियम होता. एकदा मेलमध्ये एक तारीख आणि तक्त्यात दुसरी असा घोळ झाला होता, तेव्हापासून बागेच्या संचालक मॅडमनी तो नियम घालून दिला होता. तक्ता बदलायचा अधिकारही फक्त मॅडमचा. त्या आठच्या सुमारास येत, तोवर तक्त्यात शुक्रवारच राहणार होता.

साडेसातला मामा आले. ते तिच्या आईचे सख्खे भाऊ. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि बागेतून परदेशी जाणारं प्रत्येक पत्र वाचून द्यायचं काम त्यांनी आवडीने अंगावर घेतलं होतं. हिरव्या शाईच्या पेनाशिवाय ते घराबाहेर पडत नसत.

“मामा, बुधवारी फुलतंय!”

“ऑफिसात सर म्हण,” मामा म्हणाले, पण त्यांचा चेहरा उजळला. “खरं सांगतेस? बुधवारी?”

“तीन सेंटिमीटर. पानही गळलं. सगळ्यांना कळवूनसुद्धा झालं.”

“मला न दाखवता?”

“तुम्ही आंघोळीला गेला असाल.”

मामांनी चष्मा लावून पडद्यावरची मेल वाचली. विषयाच्या ओळीवरच त्यांची नजर अडकली.

“प्रीपोन,” ते म्हणाले. “अगं, हा शब्द बाहेरच्या देशात कुणाच्या तोंडात नाही. आपल्या शब्दकोशाच्या बाहेर फिरला की त्याला कुणी ओळखत नाही.”

“मोठ्या शब्दकोशात आहे, मी पाहिलंय.”

“आहे ना. पण आपल्याकडच्या इंग्रजीतला, असा शिक्का मारून.”

“मामा, पोस्टपोन म्हणजे पुढे ढकलणं. मग अलीकडे आणणं म्हणजे प्रीपोन. ज्याला एक कळतो त्याला दुसरा कळलाच पाहिजे. शाळेतल्या मुलालाही कळेल. आणि या शब्दाचा अर्थ एकच आहे, इकडेतिकडे हलत नाही. मला तर फार आवडतो.”

“तुला आवडतो गं. वाचणार तो पराग आणणारा आहे.”

तेवढ्यात मेलची टिंग वाजली. शेजारच्या देशातल्या बागेने लिहिलं होतं: वा, म्हणजे बुधवार, आम्ही थेट प्रक्षेपण बघायला पडद्यासमोर बसतो. तिने मामांकडे असं पाहिलं, की मामांनी पेनाचं टोपण उगाचच काढून परत लावलं.

“बघा. कळतं लोकांना.”

“शेजाऱ्याला कळलं. तोही आपल्याच शाळेत शिकलाय.”

दुसरी टिंग वाजली. ही परागवाल्याची होती. तिने ती मोठ्याने वाचायला घेतली आणि दुसऱ्या ओळीला थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्याने लिहिलं होतं, की उशीर होतोय हे वाचून वाईट वाटलं, पण झाडं आपल्याला विचारून फुलत नाहीत. मी बुधवारचं तिकीट शुक्रवारचं करून घेतो. शुभ रात्री.

मामांनी चष्मा काढून पुसला. ‘तुला सांगत होतो’ असं ते म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“त्याने पोस्टपोन वाचलं,” ती म्हणाली. “टंकताना चूक झाली असं समजला आणि मनातल्या मनात दुरुस्त करून टाकलं.”

“फोन लाव.”

तिने लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. तिकडे रात्रीचे दहा वाजत होते. अनोळखी परदेशी नंबर कोण उचलणार? पण त्याचा शेवटचा निरोप चार मिनिटांपूर्वीचा होता, म्हणजे तो अजून जागा होता आणि मेल पाहत होता. उद्या सकाळी उठून तो तिकीट बदलणार होता, चुकीच्या बाजूला. पराग रविवारी आले असते, सुकलेल्या दांड्याशेजारी ठेवायला. पुढचं फूल कधी येईल कुणी सांगावं. पुन्हा नऊ वर्षंही लागतील.

“दहा-पंधरा मिनिटं आहेत आपल्या हातात,” ती म्हणाली. तिने नवी मेल उघडली.

मामा खुर्ची ओढून बसले. “तो शब्द काढ. लिही, मूव्ह्ड फॉरवर्ड बाय टू डेज. शुद्ध, सर्वांना समजणारं.”

तिने लिहिलं. पाठवायच्या बटणावर तिचं बोट गेलं आणि थांबलं. एकदा न तपासता पाठवून झालं होतं. दारात हेल्मेट काढत मॅडम उभ्या होत्या.

“मॅडम, काही विचारू नका. फक्त हे वाचा आणि सांगा, शुक्रवारचं फूल आता कधी?”

मॅडम वाकल्या. “दोन दिवस पुढे? म्हणजे रविवार. का, काय झालं?”

“बुधवार,” मामा म्हणाले.

“रविवार,” मॅडम म्हणाल्या. “पुढे सरकलं ना?”

दोघंही एकमेकांकडे बघू लागले. तिला एकदम हसू फुटलं. “दोन माणसं, दोन उत्तरं. ही चाचणी इथेच नापास.”

“ब्रॉट फॉरवर्ड कर,” मामा म्हणाले. “तो नक्की अलीकडे. पुस्तकात बघ.”

“पुस्तकात असेल, मामा. पण तो उशीवर डोकं टेकतोय. त्याने अर्धवट डोळ्यांनी वाचलं तरी चुकता कामा नये. क्रियापदावर भार टाकायचाच कशाला? मॅडम, तुमचा नियम मोडते. तारीख लिहिते.”

मॅडमना तोवर तीन सेंटिमीटरची गोष्ट मामांनी दोन वाक्यांत सांगितली होती. त्यांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. “नियम मी घोळ टाळायला केला होता. आता तोच घोळ घालतोय. लिही. विषयातच लिही. आणि महिना अक्षरात, नाहीतर अकरा-सहाचा सहा नोव्हेंबर करतील.”

तिने विषय लिहिला: फूल बुधवारी, अकरा जूनला उमलणार, शुक्रवारी तेरा जूनला नाही. खाली परागवाल्यासाठी वेगळी ओळ: तुमच्याकडच्या सोमवार संध्याकाळचं विमान घ्या, बुधवारचं नको, शुक्रवारचं तर मुळीच नको.

“आता तो शब्द कुठेच राहिला नाही,” मामा समाधानाने म्हणाले.

“राहायला हवा.”

“अजून?”

“बावीस जणांनी पहिली मेल वाचलीये. त्यात तो शब्द आहे. दुसरीत त्याचं नावच नसेल, तर दोन मेल दोन वेगळ्या बातम्या वाटतील. कोणती खरी मानायची? एक ओळ हवी, की मघाशी लिहिलेल्या प्रीपोनचा अर्थ दोन दिवस अलीकडे असा आहे.”

मामांनी हनुवटी खाजवली. हिरवं पेन खिशातून निघालं, पण कागद नव्हता, त्यामुळे ते हवेतच थांबलं. “ठेव,” ते म्हणाले. “पण शेवटी. आणि अर्थासकट. विषयात नाही.”

“विषयात नाहीच.”

मेल गेली. आठ वाजायला सहा मिनिटं होती. तिघं पडद्याकडे टक लावून बसली. मॅडमनी दरम्यान तक्ता बदलला. मामा म्हणाले, “दिवा मालवला असेल त्याने.” ती म्हणाली, “मामा, तोंड सांभाळा.”

आठ वाजून तीन मिनिटांनी टिंग वाजली. निरोप दोन ओळींचा होता: अलीकडे! मला वाटलं पलीकडे. सोमवारच्या विमानात जागा मिळाली आहे, पेटी आत्ताच भरतोय, कुणी मला झोपायला सांगू नका.

तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मामांनी सवयीने दुसरी ओळ तपासली आणि स्वल्पविराम चुकल्याचं सांगितलं. मग मॅडमना म्हणाले, “आमच्या भाचीने सगळ्यांना धावायला लावलं, पण मोजमाप बरोबर केलं.”

बुधवारी सकाळी अकरा वाजता तो आला. थंड पेटी त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. पाचच्या सुमारास दांड्याभोवतीच्या आवरणाची कड सैल झाली, साडेसहापर्यंत हात आत जाईल एवढी फट पडली, आणि दांडा तापून कुजक्या मांसासारखा असा दर्प सुटला, की मॅडमनी काचघराची सगळी झडपं उघडायला लावली. आवरणाच्या तळाशी तिने चाकूने छोटी चौकोनी खिडकी कापली. आत मादीफुलं ओळींनी चिकटून बसली होती, ओलसर, तयार.

परागवाल्याने पेटीतली परागांची बरणी उघडली आणि ब्रश तिच्या हातात दिला. मामा नाकाला रुमाल लावून दाराशी उभे होते, पण गेले नव्हते.

तिने ब्रशचं टोक पिवळ्या भुकटीत बुडवलं, श्वास धरला, आणि पहिल्या ओळीतल्या पहिल्या फुलावर टेकवलं. मग दुसऱ्यावर. ओळी मोजत, एकही न सोडता, ती ब्रश आत आत सरकवत राहिली.