राहिलेल्या दोन फेऱ्या

ज्येष्ठातली पौर्णिमा. साल ब्याऐंशी. नावड्याच्या वेशीवरच्या वडाला त्या सकाळी साठ-सत्तर बायकांनी वेढलं होतं. कुणी मुळाशी पाणी घालत होती, कुणी बुंध्याला हळदीकुंकू लावत होती. ताटांत आंबे, फणसाचे गरे, काळे मणी, हिरव्या बांगड्या आणि पिवळ्या केलेल्या सुताच्या गुंड्या होत्या. उपासाची तोंडं, तरी बडबड चालूच.

पूजेचे शब्द सांगायला दरवर्षी मुक्ताबाई उभी राहायची. गावात भटजी येईलच असं नव्हतं, पण तिच्या कानात कीर्तनांतून सगळं साठलेलं. एक ओळ म्हणायची, मग तिचा अर्थ आपल्या बोलीत सांगायची. ती म्हणायची, सावित्री यमाच्या मागं नुसती पायांनी गेली नाय. ती बोलत गेली, आणि खरं बोलत गेली म्हणून यम थांबला. नायतर काय नुसत्या चालण्यानं थांबणार होता?

मुळाला पाणी घालून झालं. ‘वट सिञ्चामि ते मूलं सलिलैरमृतोपमैः.’ वडा, तुझ्या मुळाशी अमृतासारखं पाणी घालते. तू जसा फांद्या-पारंब्यांनी वाढलास, तसं माझं घर मुलानातवंडांनी वाढू दे. ओट्या झाल्या. आता दोरा.

भागीरथी आणि गोजरा शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. दोघींच्या जमिनी सरकारच्या एकाच कागदाने गेलेल्या आणि त्या बदल्यात दोघींच्या नवऱ्यांना एकाच कारखान्यात काम मिळालेलं, तेही सहा वर्षं खेटे घालून. त्या नोकरीवर दोन घरांची चूल पेटत होती.

आणि एक गोष्ट फक्त या दोघींना ठाऊक होती. गोजराचा नवरा नामा काल रात्रपाळीला गेलाच नव्हता. तो पेणला बहिणीच्या लग्नाची बोलणी करायला गेलेला. रजा मिळाली नव्हती. त्याच्या जागी भागीरथीचा नवरा गेला होता, नामाचं हजेरीचं कार्ड घेऊन. असं आधीही दोनदा झालं होतं. पाळीतल्या माणसांना माहीत असायचं, वर कुणाला नाही. सापडलं तर दोघांचीही नोकरी जाणार, हे दोघंही हसून सांगायचे.

रात्रपाळी सातला सुटते. नऊ वाजले तरी भागीरथीचा माणूस घरी आला नव्हता. जादा काम लागलं असेल, असं गोजरा तिला सकाळपासून चारदा म्हणाली होती.

फेऱ्या सुरू झाल्या. उजवा हात बुंध्याकडे, हातातली गुंडी सुटत जाणार, दोरा ताणलेला पण तुटेल इतका नाही. प्रत्येक फेरीला मुक्ताबाईचा आवाज:

‘अवियोगो यथा देव सावित्र्या सहितस्य ते। अवियोगस्तथास्माकं भूयाज्जन्मनि जन्मनि॥’ सावित्रीची जशी ताटातूट झाली नाही, तशी आमचीही कुठल्याच जन्मात न होवो.

तिसरी फेरी संपताना रस्त्यावर एक जीप थांबली. खाकी शर्टातला माणूस उतरला, बायका बघून लांबच उभा राहिला. पोपट त्याचं नाव, कारखान्याचा ड्रायव्हर, खारघरच्या बाजूचा. त्याने मुक्ताबाईला बाजूला बोलावलं. बोलताना तो वडाकडे बघत नव्हता.

मुक्ताबाई परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं तेज गेलं होतं. तिने गोजराचा दंड धरला.

रात्री यंत्रात माणसाचा हात गेला होता. रक्त फार गेलं, शुद्ध नाही. दवाखान्यात डॉक्टर थांबलेत, ऑपरेशनच्या कागदावर घरच्या माणसाचा अंगठा लागतोय. गेटवरच्या कार्डावर नाव नामाचं.

बायका थांबल्या. कुणी म्हणाली, गोजरे, दोरा खाली ठेव, आधी जा. दुसरी म्हणाली, खाली ठेवू नये, अशुभ असतं. तिसरीने पदर तोंडात धरला. गोजरा नुसती उभी होती. तिचा नवरा पेणला सुखरूप चहा पीत असेल, आणि सगळं गाव तिच्याकडे दयेनं बघत होतं.

भागीरथी थांबली नाही. पाय चालत राहिले. चौथी फेरी. दोरा बुंध्यावर बसत होता. तिच्या बोटांना तो जाणवत नव्हता.

गोजराही चालू लागली, तिच्या मागोमाग. बायकांना वाटलं, बिचारी फेऱ्या संपवूनच निघणार.

“भागी,” ती कुजबुजली, “मी जातंय. मी देतंय अंगठा. कुनाला कलनार नाय. दोघांची नोकरी राहील.”

भागीरथीला दिसत होतं ते एवढंच: खाटेवर तो पडलेला, आणि उशाशी दुसऱ्याची बायको. नोकरी राहील. सासू आहे, दोन मुलं आहेत, जमीन तर नाहीच. गप्प राहिलं तर हात गेलेल्या माणसाची भरपाई नामाच्या नावावर होईल, आणि तो मेला तर गोजरा विधवा ठरेल. आणि मी? मी उद्याही कुंकू लावून फिरणार?

पाचवी फेरी. मुक्ताबाईने शब्द सोडले नाहीत.

‘सावित्री ब्रह्मसावित्री सर्वदा प्रियभाषिणी। तेन सत्येन मां पाहि दुःखसंसारसागरात्॥’ त्या सत्याच्या बळानं मला राख, माझे आई.

भागीरथीच्या ओठांवर ‘तेन सत्येन’ आलं आणि पुढचं येईना. कोणतं सत्य? कशाच्या बळावर मागायचं?

ती थांबली. सात वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. नाव घेतलं की आयुष्य कमी होतं, असं सासूने पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

“तो नामा नाय,” ती पोपटकडे बघून म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “तो कमळाकर हाय. माझा नवरा. नामाच्या कार्डावर गेला होता.”

पोपटने एकदा गोजराकडे बघितलं. गोजराने मान खाली घातली, मग हलवली: हो.

“बाई, हे मला सांगितलंत म्हंजी साहेबालाबी सांगावं लागेल,” पोपट म्हणाला.

“सांगा. आधी गाडी काढा.”

पण तिच्या हातात दोरा होता, आणि दोन फेऱ्या राहिल्या होत्या. ती मुक्ताबाईकडे वळली. अडचणीतल्या बाईचं व्रत दुसरी सवाशीण पुरं करते, हे गावाला माहीत होतं. व्रत करणारी बाळंतीण असली किंवा शिवायची नसली की तसंच करतात. पण अशी वेळ कुणी पाहिली नव्हती. मुक्ताबाईने क्षणभर डोळे मिटले, आणि मान डोलावली.

गोजराने हात पुढे केला. भागीरथीने गुंडी तिच्या बोटांत दिली, दोरा सैल पडू न देता, आणि जीपकडे धावली. तिचा पदर डोक्यावरून पडला होता. पोपटने तिच्याकडे न बघता गाडी वळवली.

इकडे गोजराच्या दोन्ही हातांत दोन गुंड्या होत्या. आधी तिने भागीरथीच्या राहिलेल्या दोन फेऱ्या घातल्या. मुक्ताबाईने विचारलं, शब्द काय म्हणू गं?

“तेच म्हना,” गोजरा म्हणाली, “फकस्त धनी तिचा.”

स्वतःच्या फेऱ्या तिने नंतर घातल्या. तेव्हा तिचे ओठ हलत नव्हते.

पाचच्या सुमाराला जीप परत आली, भागीरथीशिवाय. पोपटने सांगितलं, हात मनगटापासून काढावा लागला, जीव राहिला. शुद्धीवर आलाय. सोमवारी नामाला साहेबांपुढे उभं राहायचंय.

गोजराने ते ऐकलं आणि भागीरथीच्या घरात गेली. तिथली सासू दारात बसून होती. गोजराने चूल पेटवली, दोन्ही घरच्या पोरांना एकाच ताटात भात वाढला, आणि म्हातारीच्या शेजारी बसून नामाची वाट बघू लागली. झालेलं सगळं त्याला तिनेच सांगायचं होतं.