अवसेला उभी गाडी

उंद्रीत अवसेला, म्हणजे अमावस्येला, कोणी बैल जुंपत नाही. सत्यभामाबाईंच्या घरी तर त्या दिवशी मोटारसायकलही बाहेर पडत नसे. हा पायंडा त्यांच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा. तुळशीराम वायरमन होते, या खांबावरून त्या खांबावर गावोगाव हिंडायचे. "बैलाले सुट्टी हाय, मंग हिनं काय पाप केलं?" असं म्हणून दर अवसेला सकाळीच गाडी ओसरीपुढे उभी करायचे आणि हातात फडकं घेऊन तिच्यापुढे बसायचे. बाई शेजारी बसून पाने-पक्कड हातात द्यायच्या. अशी बावीस वर्षं गेली. बाईंनी गाडी कधी चालवली मात्र नाही.

मालक जाऊन तीन वर्षं झाली. नंतर हे काम त्यांच्या लेकाकडे, जीवनकडे आलं. मोतीबिंदूमुळे बाईंना दिसेनासं झालं होतं. त्या ओसरीवरूनच विचारायच्या, "पाह्यलं का रे समदं?" आणि जीवन "हाव, हाव" म्हणत फडकं झटकायचा.

या अवसेला जीवन टेम्पो घेऊन नाशिककडे गेला होता. आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या आत छायाला, म्हणजे बाईंच्या सुनेला, आपल्या लेकीला, प्रेरणाला घेऊन खामगावला पोचायचं होतं. निवासी शाळेच्या प्रवेशाची परीक्षा. एसटी पोचते दहाला. फाटक बंद होतं नऊला. वर्षभर पोरीने कंदिलासारखी आपली वात जाळली होती. छाया तीन महिन्यांपूर्वी गाडी शिकली होती, लायसन्सही आलं होतं. पण घाट ती पहिल्यांदाच उतरणार होती, आणि पोरीला मागे बसवून.

"आत्याबाई, किल्ली द्या ना. पेट्रोल टाकून आणतो," छाया म्हणाली.

"आज अवस हाय. आधी तिच्यापुढं बस."

"मागच्याच महिन्यात पाह्यलं यायनं. ब्रेकही आवळला."

"त्यानं पाह्यलं. तू कुठं पाह्यलं?" बाईंनी किल्ली कमरेला खोचली. "पोरगी कोणाच्या मांगं बसणार हाय, त्याच्या का तुह्या?"

 छायाने गाडी सपाट फरशीवर मेन स्टँडला लावली.

बाई पाटावर बसल्या. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता, तरी त्यांची बोटंच आधी पुढे जात. "हवा पयले. गाडी थंडी हाय तवरच. चालून तापली का आकडा खोटा येते." मागच्या चाकाला काटा चोवीसवरच थांबला. चेनकव्हरवरच्या कागदावर एकट्याचा आकडा वेगळा, दोघांचा वेगळा. हे छायाने लग्नानंतरच्या अकरा वर्षांत कधी वाचलंच नव्हतं. प्रेरणा पायपंपावर नाचत राहिली, काटा दोघांच्या आकड्यावर येईपर्यंत.

"आता चेन. इंजन बंद, गेर नूटलमधी." बाईंनी चेनकव्हरचं रबरी बूच काढलं आणि बोट आत घालून चेन खालीवर केली. मग छायाचं बोट धरून तिथे ठेवलं. "पेरभर हालली पाह्यजे. जास्त सैल त चेन उतरते, जास्त ताठ त तुटते. सासूसारखं हाय, समज."

"तुमी ताठच बऱ्या," छाया म्हणाली, आणि दोघीही हसल्या.

बाईंनी बोट काढून घेतल्यावर छायाने चाक हाताने थोडं थोडं फिरवलं, थांबवून चार ठिकाणी पाहिलं. सगळीकडे पेरभर. मग चाक फिरवत त्याच बुचातून तेल सोडलं, ओघळ पुसला. बाईंनी तेवढ्यापुरती दिलेली किल्ली लावून इंजिन दोन मिनिटं चालवलं, बंद केलं आणि किल्ली परत दिली. तेल खाली बसेपर्यंत बाईंनी जपाची एक माळ ओढली. मग छायाने तेलाची पट्टी काढली, पुसली आणि पेच न आवळता नुसती टेकवून पुन्हा काढली. तेल दोन रेघांच्या मधोमध होतं.

"जीवन साइड स्टँडवरच पाह्यते," बाई म्हणाल्या. "वाकड्या गाडीत तेल एका कुशीले जाते. त्याले कमी दिसते, अन् तो वरून वतते."

राहिला ब्रेक. छायाने पुढचा दाबून पाहिला, चांगला. मागच्याचा पायडल दाबला. थोडा खाली जाऊन घट्ट लागला. "झालं आत्याबाई! मस्त लागून राह्यला."

"तसाच दाबून धर." बाई सरकत मागच्या चाकाशी गेल्या. ब्रेकच्या गोल डब्यावर त्यांनी हात फिरवला, लेकराच्या टाळूवर फिरवावा तसा. एका जागी हात थांबला. "इथं बाण हाय का पाय."

छाया वाकली. मातीखाली खरंच एक बाण होता, तांदळाच्या दाण्याएवढा. शेजारी एक खूण.

"बाण खुणंच्या अलीकडं का पलीकडं?"

"पलीकडं."

 बाई हळूच म्हणाल्या, "आतले ब्रेकचे लायनर झिजून संपले, बाई. नट आवळला का पायडल पुन्हा ताठ लागते, पायाले वाटते समदं ठीक हाय. पाय फसते. बाण नाही फसत."

बाईंनी जीवनला फोन लावला. "ब्रेक लागते ना, आई? मंग! काऊन उगी..."

"दळण सरलं तरी जातं फिरते, बावा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

छायाने गाडी ढकलतच एसटी स्टँडवर नेली. तिथल्या शेषराव मिस्त्रीने गाडीकडे पाहिलं, मग छायाकडे. "ब्रेक आवळून देऊ का, वहिनी? पाच मिनिटांचं काम हाय."

"चाक खोला," छाया म्हणाली.

त्याने चाक खोललं आणि आतला लायनर तळहातावर घेतला. तो नखाएवढा पातळ झाला होता. एका कडेला तर लोखंडच उघडं पडलं होतं. शेषरावने नटही दाखवला. पेच शेवटाला आले होते, आता आवळायलाही जागा नव्हती. "घाटात हे तापलं असतं ना..." तो एवढंच बोलला. "कोण म्हणे खोला म्हणून?"

"सासूबाई."

"चालवते का त्या?"

"नाही."

मिस्त्री मान हलवत राहिला. नवे लायनर बसवून म्हणाला, "नवा लायनर लगेच पुरा धरत नाही. गावातल्या गावात हळूहळू थांबवत चालवा, मंग बसते." अवस असूनही त्या संध्याकाळी बाईंनी किल्ली दिली. छायाने गावातल्याच रस्त्यावर वीस फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक फेरीत दहादा थांबली. पोरं म्हणाली, काकू वेडी झाली.

सकाळी घाट लागला. छायाने गिअर खाली घेतला. तिसऱ्या वळणावर कापसाची ट्रॉली आडवी, चाक निखळलेलं. मागून प्रेरणा पाढे म्हणत होती. छायाने दोन्ही ब्रेक एकदम, पण हलके दाबले. गाडी सरळ रेघेत मंदावत गेली आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर, एखादं शहाणं जनावर थांबावं तशी थांबली. डावीकडे दरी होती. खाली धुक्यात सारा पायनघाट, घाटाखालचा सपाट मुलूख, पसरलेला.

"काऊन थांबलो, आई?"

"वाट होते आता," छाया म्हणाली. तिने पाय टेकत गाडी ट्रॉलीच्या डोंगराकडच्या बाजूने हळूच काढली. प्रेरणाने सोळाचा पाढा पुन्हा सुरू केला.

पावणेनऊला पोरगी फाटकाच्या आत गेली. छाया गाडीशी एकटी उरली. मागच्या ब्रेकजवळ तिने तळवा नेला, न टेकवता. आतून ऊब येत होती. आरतीच्या ताटावर धरावा तसा तिने हात थोडा वेळ तिथेच धरला, आणि मग तो डोळ्यांना लावला.