वरच्या थरातला नमुना

कारखान्यात तिला सगळे नापासबाई म्हणत. तोंडावर म्हणत आणि तीही ओ देई. विजेची बटणं बनवणारा कारखाना होता आणि बाहेरून आलेला माल तपासायचं काम तिच्याकडे होतं. बटणाच्या पोटातली बारीकशी स्प्रिंग बिघडली की अख्खं बटण वाया, त्यामुळे नापासचा शिक्का मारताना तिचा हात कधी अडखळत नसे. पुरवठादाराची माणसं तिच्या टेबलाशी आली की आपोआप आवाज खाली आणत.

बाहेर अशी कडक असलेली ही बाई एकाच माणसापुढे मऊ होती. तो म्हणजे तिचा दादा. फ्रीज दुरुस्त करायचा. वडील गेल्यावर हिची फी त्यानेच भरली होती आणि हिच्या लग्नात तोच सगळ्यात जास्त रडला होता. दादाने सांगितलं की तिच्या लेखी विषय संपला. अशा माणसाला काय तपासायचं?

आठवड्यापूर्वी दादा जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी आला आणि त्याने फोन पुढे धरला. त्यावर एक वेबसाइट होती. सामन्यापूर्वी आपला संघ निवडायचा, प्रवेशाचे पैसे भरायचे, खेळाडू चांगले खेळले की आपण जिंकणार. दादाच्या खात्यात नव्वद हजार दिसत होते. खेळातलं त्याला कळायचंही. कोणाचा गुडघा दुखतोय इथपर्यंत माहिती ठेवायचा.

"बारके, आईच्या डोळ्यांचे चाळीस हजार तुझ्याकडे नुसते पडून आहेत," तो म्हणाला. "पंधरा दिवस इथे ठेव. एका डोळ्याच्या ऐवजी दोन्ही होतील."

आई हिच्याकडेच राहायची आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माणूस कोण आलं हे ती आता पावलांवरून ओळखायची. एका डोळ्याचे पैसे जमवायला लेकीला दीड वर्ष लागलं होतं.

तरी सवय ती सवय. "आधी पाचशे टाकून बघते," ती म्हणाली. दादा हसला, म्हणाला, बघ की. तिने पाचशे टाकले, दादाने संघ निवडून दिला, सातशे झाले. काढायला टाकले तर तासाभरात बँकेत जमा. तिने त्याला फोन केला. "पास," म्हणाली. शनिवारी दुपारी त्याने घरी यायचं आणि पैसे भरायचे असं ठरलं.

शुक्रवारी स्प्रिंगांचा माल आला. पुरवठादाराच्या माणसाने वरच्या खोक्यातली एक पुडी आधीच फोडून तिच्या टेबलावर ठेवली होती. "बाई, तुमचा वेळ वाचावा म्हणून काढूनच ठेवल्यात."

"काढून ठेवल्यात म्हणूनच घेणार नाही," ती म्हणाली, आणि उठून तिने तळाचं खोकं ओढलं. त्याने दिलेल्या स्प्रिंगा चांगल्याच असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. नमुना आपण निवडायचा, तोही समोरच्याला नको असेल तिथून. अकरा वर्षं ती नव्या मुलींना हेच शिकवत होती. तळाच्या खोक्यातल्या निम्म्या स्प्रिंगा दाबल्यावर वर येईनात. शिक्का मारता मारता तिचा हात थांबला. ते सातशे रुपये कुठल्या थरातले होते?

पाचशे परत देणं त्यांना परवडण्यासारखंच होतं. पुढे चाळीस हजार येणार म्हटल्यावर कोणीही देईल. स्वतःचाच राग आला तिला. स्प्रिंगेला लावते तेवढी अक्कलसुद्धा तिने आईच्या डोळ्यांना लावली नव्हती.

घरी आल्यावर तिने वेबसाइट तळापासून तपासायला घेतली. सगळ्यात खाली परवान्याचं चिन्ह होतं. त्यावर बोट ठेवलं की हिरवी खूण असलेलं छान पान उघडायचं. म्हणजे परत काढून ठेवलेली पुडीच. परवाने देणाऱ्या सरकारी खात्याचा पत्ता तिने त्या साइटवरून बिलकुल घेतला नाही. स्वतः शोधून, स्वतः टाइप केला. तिथे आधी हेच वाचलं की पैशांचा असा खेळ विनापरवाना चालवणं बेकायदा आहे. मग यादीत तो क्रमांक घातला. क्रमांक निघाला, पण भलत्याच कंपनीचा, आणि ती बंद होऊन चार वर्षं झालेली. साइटचं नाव यादीत कुठेच नव्हतं. साइटवर कंपनीचा पत्ता नव्हता. पैसे भरायचं खातं एका साध्या माणसाच्या नावावर होतं, आणि मागच्या आठवड्यात तिने पाचशे भरले ते खातं दुसऱ्याच कोणाचं तरी होतं.

बिचारा दादा, तिला वाटलं. याला उद्या कसं सांगायचं? त्याचे नव्वद हजार गेले की.

शनिवारी तो आला. आई आतल्या खोलीत पडली होती. बहिणीने त्याला सगळं हळूहळू सांगितलं. तो रागावेल, वाद घालेल असं तिला वाटत होतं. तो नुसता गुडघे चोळत बसला.

"तू फार फाटे फोडतेस," तो शेवटी म्हणाला. "पैसे मिळाले ना तुला?"

"मग असं कर, तुझ्या नव्वदातले चाळीस काढ आणि मला दे. तेच मी भरते."

"आत्ता नाही निघत. सर्व्हर का काय बंद आहे."

"फोन दे."

त्याने दिला नाही. तिने त्याच्या हातातून घेतला, लहानपणी घ्यायची तसा, आणि साइटच्या मदतकक्षाशी झालेलं बोलणं उघडलं.

दादाने तीन आठवड्यांपूर्वी पैसे काढायला टाकले होते. आधी कर भरा, म्हणाले. त्याने भरला. खरी कंपनी कर जिंकलेल्या रकमेतूनच कापते, वरून आणून भरा म्हणत नाही, हे दादाला सुचलं नव्हतं. मग खातं पडताळायचे म्हणून आणखी भरा. तेही भरले. मग त्यांनी लिहिलं होतं, मोठी रक्कम भरणारा एक नवीन सभासद आणा, तुमचं खातं मोकळं होईल.

त्याखाली दादाचं उत्तर होतं. ज्या दिवशी ती फाटकाशी उभी राहून फोन बघत होती, त्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती.

'बहीण आहे. आईच्या ऑपरेशनचे चाळीस हजार तिच्याकडे आहेत. आधी थोडे टाकून बघेल, ते लगेच द्या. मग माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवेल.'

तिने ते दोनदा वाचलं. साइटवाले चोर होते, चोरांचा राग येतो आणि संपतो. पण तिला कोणतं खोकं पुढे करायचं हे चोरांना कुठून कळणार होतं? ते घरातल्यानेच सांगितलं होतं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"माझे अडकलेत गं. सुटले असते तर तुझे मीच दिले असते."

"आणि नसते सुटले तर?"

तिने त्या बोलण्याचे फोटो काढले, फोन त्याच्या मांडीवर ठेवला. "हे काही पुसू नकोस. आधी बँकेला कळव, मग पोलिसांच्या सायबर शाखेत जा. परत मिळतील असं मी म्हणत नाही. आणि यापुढे एक पैसाही भरायचा नाही, काही का सांगेनात."

"आईला सांगू नको," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्नात रडला होता तसंच. आणि हे पाणी खरं की कसं, हे तिला कळेना. याचंच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

आतून आईचा आवाज आला. "दादा आलाय ना? पावलं ऐकली मी. अरे, औषधाचे थेंब घाल बरं डोळ्यांत. हिचा हात जड आहे, तुझ्या हाताने कळतसुद्धा नाही."

तो उठला आणि त्याने फळीवरच्या बाटलीकडे हात नेला. त्याच्या आधी तिने बाटली उचलली. तिच्यावरचं नाव वाचलं, तारीख वाचली, झाकण फिरवून पाहिलं आणि मग त्याच्या हातात दिली. तो तिच्याकडे बघत राहिला. आईने उशीवर मान मागे टाकली आणि डोळे मोठे केले. तो थेंब घालेपर्यंत बहीण दारातून हलली नाही.